सांध्यापलीकडच्या तीन खोल्या

त्या कॉलेजातलं शेवटचं दीड वर्ष मी माझ्याच सहीखाली बसून उकडून काढलं. ऐकायला हे विनोदी वाटतं, आणि दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मीही पोट धरून हसले असते.

कॉलेज रायपूरच्या बाहेर, सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी तिथे सिव्हिलच्या मुलांना शिकवायची. संस्थेने नवी तीन मजली इमारत बांधायला घेतली तेव्हा तिच्या दारावर ‘हरित इमारत’ अशी पाटी लागली पाहिजे, असं ठरलं. पाटी फुकट मिळत नाही. भिंतींतून आणि छतातून किती उष्णता आत येणार, खिडक्यांतून किती उजेड मिळणार, दिवे आणि एसी मिळून वर्षाला दर चौरस मीटरमागे किती वीज खाणार, असा सगळा हिशेब मांडावा लागतो. त्यावर आधी नकाशे पाहून तात्पुरतं रेटिंग मिळतं. मग इमारत वर्षभर वापरून झाली की परीक्षक येतात, विजेची बिलं पाहतात, इमारत फिरून पाहतात आणि ते रेटिंग पक्कं करतात किंवा खाली उतरवतात. हे सगळे कागद कुणी भरायचे, असा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा प्राचार्य म्हणाले, “मॅडम को तो सब आता है.” मला ते गोड लागलं. पर्यावरणपूरक बांधकामाचा विषय मीच शिकवत होते, आणि पन्नाशीच्या बाईला कुणी चारचौघांत हुशार म्हटलं की ती पुढचं ऐकत नाही.

खोटं कशाला बोलू, त्या इमारतीवर मी जीव लावला होता. भिंती आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या हलक्या ब्लॉकच्या, म्हणजे ऊन बाहेरच अडावं. मोठ्या खिडक्या उत्तरेला, पश्चिमेला जवळजवळ नाहीतच. खिडकीच्या वरच्या भागात आडवी पांढरी फळी, म्हणजे तिच्यावर पडलेला उजेड छतावर उसळून वर्गात खोलवर जावा आणि दिवसा दिवे लावायची गरज पडू नये. गच्चीवर स्लॅबच्या वर पंचाहत्तर मिलिमीटर जाडीचे फोमचे बोर्ड, त्यावर कोबा, त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची फरशी. रायपूरच्या मे महिन्यात वरच्या मजल्याचा शत्रू म्हणजे छत. नुसता काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपर्यंत ते खाली ओतत राहतो. बोर्ड घातले की हे पिणं-ओतणं जवळजवळ थांबतं. माझ्या हिशेबात सगळ्यात जास्त गुण ह्या छतानेच मिळवले होते.

आणखी एक गोष्ट मी केली होती, ती आता सांगायला लाज वाटते. खिडक्यांच्या काचा न उघडणाऱ्या घेतल्या. उघडणाऱ्या खिडक्यांच्या फटींतून एसीची थंड हवा गळते, त्यामुळे आकडा बिघडतो. बंद काच घेतली की आकडा सुधारतो. मी आकडा सुधारला.

इमारतीला मधोमध नाही, पण पश्चिमेच्या टोकाकडे एक सांधा आहे. लांब इमारत उन्हाने फुगते-आकसते, म्हणून तिचे दोन भाग करून मध्ये फट ठेवतात आणि ती वरून झाकतात. सांध्याच्या पलीकडे प्रत्येक मजल्यावर तीन खोल्या. तो भाग सगळ्यात शेवटी बांधून झाला, पावसाळा तोंडावर आला असताना. त्या वेळी साइटच्या ग्रुपवर रोज फोटो यायचे. गच्चीवर बोर्ड अंथरताना, बोर्डांच्या कडा चिकटवताना, कोबा टाकताना. मी ते फोटो उचलायची आणि अर्जाला जोडायची. शेवटी एक घोषणापत्र होतं: छताचं संपूर्ण उष्णतारोधन मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. त्याखाली मी सही केली. गच्चीवर मी गेले नव्हते. जिन्याला कठडा नव्हता, ऊन मी म्हणत होतं, आणि खरं कारण सांगायचं तर मला कंटाळा आला होता. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात, हे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला ऐकवलं. सगळे करतात, हे खरंच आहे.

इमारत सुरू झाली आणि मला तिसऱ्या मजल्यावर, सांध्यापलीकडे, अगदी टोकाची स्टाफरूम मिळाली. शेजारी ड्रॉइंग हॉल आणि त्याच्या शेजारी पहिल्या वर्षाचा वर्ग. पहिल्या महिन्यातच कळलं की आमच्या खोलीचा एसी काही कामाचा नाही. सोळावर लावला तरी डोक्यावरून कुणी गरम तवा धरल्यासारखं वाटायचं. मेकॅनिक तीनदा आला. गॅस भरला, फिल्टर धुतला, मग “मॅडम, मशीन एकदम ठीक है” म्हणून निघून गेला. मी त्याला कामचुकार ठरवलं.

उजेडाचीही गंमतच. उत्तरेच्या त्या सुंदर खिडक्यांना सगळ्या वर्गांत पडदे ओढलेले असायचे, कारण प्रोजेक्टरवर अक्षरं दिसत नाहीत. पडदे ओढले की अंधार, म्हणून दिवसभर ट्यूबलाइट. मी वर्गावर्गात जाऊन पडदे सरकवायची आणि मी वळले की ते परत ओढले जायचे. माझा हिशेब रिकाम्या खोल्यांचा होता. त्यात माणसं आणि त्यांचा प्रोजेक्टर मी धरलाच नव्हता.

आणि दुपारी लाइट जायची. जनरेटर फक्त लॅब आणि लिफ्टपुरता. एसी बंद पडला की त्या खोलीत बसणं म्हणजे शिक्षा होती. काच बंद, काचेपलीकडे सिलतऱ्याच्या बाजूचं धुरकट आकाश, आणि हात लावायला खिडकीला कडीसुद्धा नाही. माझ्या समोर बसणाऱ्या बाई गणिताच्या. त्या पदराने वारा घेत म्हणायच्या, “हे ज्यानं बांधलं ना, त्याले इथंच बसवा म्हणा.” मी वहीत डोकं घालून पेपर तपासत राहायची. छातीत कोंडल्यासारखं व्हायचं, आणि ते नुसतं हवेमुळे नव्हतं. आपण काहीतरी चुकलो आहोत असा एक बारीक संशय तेव्हापासूनच होता, फक्त कशात चुकलो ते मला शोधायचं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षक येणार होते. इमारत शिकवण्यासाठी वापरली तर त्याचाही एक गुण मिळतो. म्हणून मी शेवटच्या वर्षातल्या एका मुलीला प्रकल्प दिला. वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीच्या छताचं तापमान मोजायचं आणि नकाशा काढायचा. लॅबमध्ये बंदुकीसारखा थर्मामीटर होता, पृष्ठभागावर रोखून घोडा दाबला की आकडा दिसतो. मुलीने ते परीक्षकांसमोर मांडायचं. त्यांच्या कार्यालयात दरवर्षी दोन मुलांना सहा महिने शिकायला घेत असत, आणि तिला तिथे जायचं होतं. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तिचं घर भंडाऱ्याकडचं, वडील सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या कारखान्यात भट्टीवर होते. वर्गात ती हिंदीत बोलायची आणि माझ्याशी मराठीत, अर्धीअधिक हिंदी मिसळून. फार हुशार म्हणून तिचं नाव कुणी घेत नसे. पण ती एकदा मोजून थांबणाऱ्यांतली नव्हती.

पंधरा दिवसांनी ती नकाशा घेऊन आली. एकूण बारा खोल्या. नऊ हिरव्या, तीन लाल.

“एसी बंद करून, संध्याकाळी पाच वाजता घेतले, मॅडम. रोज. इकडच्या नऊ खोल्यांमधे छत छत्तीसच्या आसपास. सांध्याच्या पलीकडं बेचाळीस. सकाळी नऊले फरक जेमतेम राहते, दुपारनंतर वाढत जाते.”

मी तिच्या वहीकडे पाहत होते. माझ्या डोक्यात सरळ उत्तर आलं होतं, आणि मी ते मागे ढकललं. “पश्चिमेची भिंत तापत असेल,” मी म्हटलं.

“मले पण तेच वाटलं. म्हणून खालच्या मजल्यावर जाऊन त्याच बाजूची भिंत मोजली. वर जेवढी, खाली पण तेवढीच. पण खाली छत थंड आहे, वर गरम. मंग भिंत कशी राहीन?”

“मग तुला काय वाटतं?”

“बाबाले विचारलं,” ती म्हणाली. “त्यांच्या प्लांटमधे भट्टी म्हणजे मोठा फिरता पाइप राहते. आतून त्याले विटांचं अस्तर. बाहेरून ते लोक तापमान मोजत राहतात. एखाद्या जागी पत्रा जास्त गरम लागला का समजायचं, आत विटा गेल्या. आत घुसून पाहा लागत नाही. बाबा म्हणे, तुझ्या छताच्या विटा गेल्या असतील. किंवा टाकल्याच नसतील.”

तिच्या बापाने कॉलेजची इमारत पाहिलीही नव्हती. मी म्हटलं, बघते, आणि तिला पाठवून दिलं.

मग मी गच्चीवर गेले. इमारत सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. ऊन उतरलं होतं तरी चपलेखाली फरशी चटके देत होती. सगळीकडे सारखीच पांढरी तुकड्यांची फरशी, तिच्यावर सिलतऱ्याची काळसर धूळ. पाहून काहीच कळलं नसतं. पण सांध्यापाशी पोहोचले आणि पाय अडखळला. सांध्याच्या झाकणाला उतार होता. पलीकडची गच्ची अलीकडच्यापेक्षा खाली होती. मी उकिडवी बसले आणि हात लावून पाहिला. चार बोटं. पंचाहत्तर मिलिमीटर म्हणजे चार बोटंच होतात. बोर्ड अलीकडे होते, पलीकडे नव्हते. बोर्डांची दुसरी गाडी यायला उशीर झाला असेल, पाऊस येईल म्हणून घाई झाली असेल, कुणीतरी म्हटलं असेल, तीन खोल्यांनी काय फरक पडतो. कोबा आणि फरशी तेवढी नीट टाकली. मला कुणी फसवलं, असं म्हणायची सोय नव्हती. फोटो खरे होते, ते फक्त सांध्याच्या अलीकडचे होते. पलीकडचा एकही फोटो मला कुणी पाठवला नव्हता आणि मी मागितला नव्हता.

तिथे बसून मला आधी काय सुचलं असेल? पहिल्या वर्षाच्या वर्गात साठ पोरं भाजत बसतात, हे नाही सुचलं. घोषणापत्रावरची माझी सही डोळ्यांसमोर आली. मी घाबरले. सरळ घाबरले.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं आणि म्हटलं, “ह्या तीन खोल्या आउटलायर आहेत, बाकीच्यांशी न जुळणारे आकडे. काढून टाक.”

“आउटलायर एखादा राहते ना मॅडम. हे तर तिन्ही एकाच जागी आहेत, अन् रोज तसेच येऊन राहिले.”

“सांध्यापलीकडचा भाग वेगळा ब्लॉक समज. तुझा अभ्यास सांध्यापर्यंत. नकाशा तिथे काप.”

ती काहून म्हणून विचारणार होती, तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. तिने विचारलं नाही. आमच्याकडची मुलं बाईंशी वाद घालत नाहीत, आणि मी त्याचाच फायदा घेतला. “हव, मॅडम,” म्हणाली आणि गेली. प्राचार्यांनी मला एक शब्द सांगितला नव्हता. त्यांना तर ह्यातलं काही ठाऊकही नव्हतं. हे मी माझ्या बुद्धीने केलं.

ते पुढचे आठ दिवस मी त्याच खोलीत बसले. आता वर काय नाही हे ठाऊक झालं होतं, त्यामुळे उकाडा दुप्पट झाला. गणिताच्या बाईंनी छताला थर्माकोलचे पत्रे तरी लावून द्या असा अर्ज लिहिला आणि माझ्याकडे सहीला आणला. इमारतीचं मला कळतं म्हणून. मी म्हटलं, परीक्षक येऊन जाऊ दे. त्या म्हणाल्या, “तवापर्यंत आपण शिजून जाऊ.” खोलीला दार होतं, मी उठून कधीही बाहेर जाऊ शकत होते. तरी मला आपण कोंडले गेलो आहोत असंच वाटत होतं. कुणाला सांगावं म्हटलं तर सही आडवी यायची. गप्प राहावं म्हटलं तर ती मुलगी.

परीक्षक आले ते नागपूरचे निघाले. साठीचे, शांत, हातात नकाशांची गुंडाळी. प्राचार्यांना मराठी येत नसल्याने आधी सगळं हिंदीत झालं. त्यांनी बिलं पाहिली, क्षेत्रफळाने भागली, आकडा ठीक आला. तीन खोल्यांचे एसी किती जास्त खातात ते बाकीच्या इमारतीच्या सरासरीत विरून गेलं होतं. त्यांनी ओढलेले पडदे पाहिले आणि माझ्याकडे पाहून मंद हसले. मग मुलीने पडद्यावर आपला नकाशा दाखवला. ती चांगली बोलली. बोर्ड घातलेल्या छताची आतली बाजू संध्याकाळी किती कमी तापते, सकाळचं आणि संध्याकाळचं तापमान का घ्यायचं, एसी बंद करून का मोजायचं, सगळं. मी खुर्चीत ताठ बसून होते. दहा मिनिटांत संपेल, असं मनात म्हणत होते.

परीक्षकांनी गुंडाळी उघडली. बोटाने मोजलं.

“बेटा, नकाशात वरच्या मजल्यावर बारा खोल्या आहेत. तुझ्याकडे नऊ दिसतात.” हे ते मराठीत बोलले.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आरोपाने नाही. वर्गात उत्तर अडलं की मुलं बाईंकडे पाहतात तसंच. तिच्या मागे पडद्यावर नऊ हिरवे चौकोन. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: मी सांगितलं तिला कापायला. चार शब्द. मी समोरच्या फायलीची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

“त्या राहून गेल्या, सर,” ती म्हणाली. “मोजायच्या राहिल्या. माझी चूक आहे.”

“सगळं केलंस आणि तीन खोल्या राहिल्या?” ते खरोखरच नाराज झाले. “मोजणाऱ्यानं अर्धवट मोजलं तर न मोजलेलं बरं. आमच्याकडं यायचं म्हणत होतीस ना? मग हे आधी शिकून घे.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. प्राचार्यांना काय चाललंय ते कळलं नाही, ते हसत राहिले.

मी जेवताना बोलेन असं ठरवलं. जेवताना प्राचार्य शेजारी बसले. मग गाडीपाशी बोलेन असं ठरवलं. गाडीपाशी परीक्षक म्हणाले, “छत मात्र छान केलंत, बाई.” मी त्यांना नमस्कार केला. गाडी गेली.

मुलगी जिन्यात उभी होती. डोळे कोरडे होते.

“मले वाटलं, तुम्ही बोलान.”

एवढंच म्हणून ती बस पकडायला गेली. आजवर मला बऱ्याच लोकांनी बरंच काही ऐकवलं आहे. नवऱ्याने, सासूने, प्राचार्यांनी. ह्या वाक्याइतकं काहीही लागलं नाही.

त्या संध्याकाळी घरी मी परीक्षकांना पत्र लिहायला बसले. सुरुवात सोपी होती. सांध्यापलीकडे बोर्ड नाहीत. मी गच्ची पाहिली नव्हती आणि पाहिली असं लिहून दिलं. रेटिंगचं काय करायचं ते आपण ठरवावं. हे लिहायला मला जेवढी भीती वाटत होती तेवढं ते अवघड गेलं नाही. उलट तेवढ्यापुरतं बरं वाटलं. अडलं पुढे. मुलीने बाराही खोल्या मोजल्या होत्या, मी त्या कापायला लावल्या, हे लिहिलं की तिच्यावरचा अर्धवटपणाचा डाग जाणार होता. पण मग त्यांच्या तोंडावर ती खोटं बोलली, हेही उघड होणार होतं. अर्धवट काम करणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येतं. परीक्षकाला आकड्यांबद्दल खोटं सांगणाऱ्या मुलीला कोण घेणार? मी ज्या वेळी बोलायला हवं होतं त्या वेळी गप्प बसले आणि तिने ती जागा भरून काढली. आता माझं खरं तिच्या खोट्याला जाऊन चिकटलं होतं. मी सुटायला गेले की ती अडकणार.

दोन दिवस मी मार्ग शोधला. शोधला म्हणजे काय, तिसरं खोटं जुळवलं. मुलीच्या हातून खोल्या राहिल्या, नंतर मी स्वतः मोजल्या आणि मला छताचा दोष कळला, असं लिहिलं. वाचून पाहिलं. छान जुळत होतं. मलाही चांगलं दाखवत होतं, प्रामाणिक बाई वगैरे. ते वाचून मला स्वतःची किळस आली आणि मी तिला बोलावून घेतलं.

ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा लाइट गेलेली होती. गणिताच्या बाई वर्गावर होत्या. मी तिला दोन्ही पत्रं कॉम्प्युटरवर नाही, कागदावर दिली. घरून छापून आणली होती. पहिल्याच्या शेवटी मी एवढंच घातलं होतं की मुलीने बाराही खोल्या मोजल्या होत्या आणि मी त्या कापायला लावल्या. ती उभ्यानेच वाचत राहिली. कपाळावरून घाम कानशिलापर्यंत आला तरी तिने पुसला नाही. मी म्हटलं, “पहिलं पाठवलं तर तुझं नुकसान आहे. दुसरं पाठवलं तर नाही. तू सांगशील ते पाठवते.” आणि म्हणताना मला कळलं की मी पुन्हा तेच करते आहे. निवड तिच्या गळ्यात घालते आहे.

तिने दुसरं पत्र टेबलावर उलटं ठेवलं.

“पहिलं पाठवा. पण ते पण पुरं नाही आहे, मॅडम.”

“काय राहिलं?”

“माझं लिहिलंच नाही तुम्ही. पोरीनं मोजलं होतं, इथपर्यंत लिहिलं. मंग मी सरले मोजलं नाही म्हणून सांगितलं, ते कुठं आहे? ते त्यांनी ओळखायचं का? तुम्ही लिहा. ती खोटं बोलली, असं लिहा.”

“अगं, तू माझ्यासाठी बोललीस.”

“काहून बोलले ते मी सांगन, विचारलं तर. तुम्ही फक्त काय झालं ते लिहा.” तिने पहिल्या पत्रावर बोट ठेवलं. “नाहीतर हा पण नऊ खोल्यांचाच नकाशा होईन.”

मी पेन घेतलं. हाताला घाम होता, कागद चिकटत होता. मी पत्राच्या खाली लिहिलं की विद्यार्थिनीने बाराही खोल्या मोजल्या होत्या आणि आपल्यासमोर मोजल्या नाहीत असं खोटं सांगितलं, आणि ती ते सांगत असताना मी समोर बसून ऐकत होते. वाक्य पूर्ण केल्यावर मी वर पाहिलं. ती पिशवीतून वही काढून पान शोधत होती. ते सापडल्यावर तिने पहिल्या खोलीपासून तारखेसकट आकडे वाचायला सुरुवात केली, आणि लाइट येईपर्यंत मी ते उतरवून घेत राहिले.